पहिला गहू आमचा

मी लूमवरचा माणूस. मराठी चौथीपर्यंत शिकलो, पुढे धुळ्याकडचं गाव सुटलं आणि सुरतेत लूमच्या खटखटाटात वय गेलं. चौऱ्याण्णवच्या प्लेगात सगळे गावाकडे पळाले तसा मीही पळालो, आणि महिन्याभरात परतही आलो. परत आल्यावर मात्र लूमवर उभा राहिलो नाही. कान गेले होते निम्मे, आणि शेठचं पोरगं माझ्याशी ओरडून बोलायचं. ऐकू येत नाही म्हणून ओरडतोय की मजूर म्हणून, हे कळायचं नाही. ते मला चालणारं नव्हतं. सुरतेच्या कडेला, भेस्तानात, आमच्या खोल्यांच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड होती. तिथे मी गिरणी टाकली. गुजराती लोक घंटी म्हणतात, आपण गिरणी.

गिरणी टाकण्याचं कारण ज्वारी. आमच्या भागात सगळे खानदेशचे, घराघरात भाकरी, आणि हिवाळ्यात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची. पण रेल्वे फाटकाजवळच्या घंटीवर गव्हाचा मान. ज्वारीचा डबा दिसला की तो घंटीवाला म्हणायचा, “छेल्ले, बेन.” म्हणजे सगळ्यात शेवटी. त्याचंही खोटं नव्हतं. ज्वारी दळलेल्या दगडावर गहू टाकला की पहिल्या पिठात ज्वारी उतरते, पोळी लाटताना फाटते, आणि गिऱ्हाईक भांडायला येतं. म्हणून आमच्या बायांनी दिवसभर डबा ठेवून बसायचं. मी ठरवलं, माझ्याकडे उलटं. सकाळी ज्वारी-बाजरी, दुपारनंतर गहू. मधे दगड साफ. पाटीवर खडूनं तेवढंच लिहिलं होतं, माझ्याच हातानं.

सुरू केली त्या दिवशी एक स्टुडिओवाला बोलावला होता. सुरतेत कुठलंही दुकान फोटोशिवाय उघडत नाही. त्यानं एकच फोटो चांगला काढला. मी गिरणीशेजारी उभा, डोक्यावर टोपी, आणि मागच्या गल्लीतली एक बाई आपला डबा गिरणीच्या तोंडात ओततेय. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणायचो, वयानं माझ्याहून लहान असली तरी. नवरा लूमवर, घरी तीन मुली, आणि जीभ अशी की लाइट बिलवाला तिच्या दारात दोन पावलं मागेच उभा राहायचा. मशीनला हळदकुंकू तिनं लावलं, पहिली ज्वारी तिचीच. तिच्यामागे तिची अख्खी गल्ली माझ्याकडे आली. हे मी तेव्हाही जाणून होतो.

मग ती गेली, आणि गल्लीही गेली.

झालं असं. श्रावण संपत आला होता. सकाळची वेळ, ज्वारीच्या डब्यांची ओळ दारापर्यंत. अक्का गव्हाचा डबा घेऊन आली. मोठ्या मुलीला बघायला नंदुरबारकडचे पाहुणे येणार होते, दुपारी जेवण, पुऱ्या करायच्या होत्या. “भाऊ, एवढं आत्ता दळून द्या.”

मी म्हटलं, “गहू दुपारी.”

“दुपारी पाहुणे जेवतील. मी काय त्यांना पाटी वाचायला लावू?”

ओळीतल्या बाया हसल्या. मला हसलेलं खपत नाही. मी म्हटलं, “ज्वारीवर गहू टाकला तर पुऱ्या फुगायच्या नाहीत. दगड साफ करत बसलो तर या सगळ्या ताटकळतील. नियम सगळ्यांना एक.”

ती जवळ आली. “इथे पहिला डबा मीच ओतला होता, भाऊ.”

“ओतला. म्हणून गिरणी तुमची झाली नाही.”

तिनं डबा डोक्यावर घेतला आणि सरळ फाटकाकडे चालू लागली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या गल्लीतला एकही डबा माझ्याकडे आला नाही. तिकडे घंटीवर ‘छेल्ले’ ऐकून बसायला बाया तयार, पण माझ्याकडे यायला नाही. नियम बरोबर होता असं मी आजही म्हणतो. पण सकाळची ओळ दारापासून आत सरकत सरकत मशीनपाशी आली. ज्वारीसाठी उघडलेली गिरणी सकाळी जवळजवळ रिकामी फिरायला लागली, आणि दुपारी गव्हाला उत्तरेकडची नवीन बिऱ्हाडं यायची तेवढ्यावर पट्टा चालायचा. सकाळ अशीच राहिली असती तर सकाळ बंद करावी लागली असती. आणि नुसत्या गव्हाची गिरणी म्हणजे फाटकावरच्या घंटीसारखी आणखी एक. त्यासाठी मी लूम सोडला नव्हता.

अशात वर्ष भरायला आलं.

वर्षाचा बोर्ड लावायचाच हे मी ठरवलं होतं. तो फोटो मोठा करून लाकडावर चिकटवून घ्यायचा आणि खाली ओळ लिहायची, असं तेव्हा सगळे करायचे. फोटो करून आणला. ओळ मात्र येईना. मी गिरणीत उभा राहिलो की ओळ डोक्यात फिरायची आणि पीठ जाड पडायचं. घरी बसलो की उठायचो, दारापर्यंत जायचो, परत यायचो. बायको ज्वारी निवडत होती. ती आपल्या अहिराणीत म्हणाली, “कसाले इतल्या येरझारा? बसा ना एक जागे.”

मी कागद वाचून दाखवला. “भेस्तानातली एक नंबरची गिरणी. यशस्वी एक वर्ष.”

तिनं मान वर न करता विचारलं, “दोन नंबरनी कोठे शे?”

“फाटकाजवळ.”

“तठे तर ओळ लागेल शे, सकाळपाईन.”

मी कागद चुरगळला. बायकोला वाचता येत नाही, पण लिहिलेलं खोटं असलं तर तिला ऐकून कळतं.

मग मी पेंटरकडे गेलो. उधना रोडला त्याचं दुकान, माणूस सुरतचाच, ट्रकांच्या मागच्या फळ्यांपासून दवाखान्यांच्या पाट्यांपर्यंत सगळं लिहायचा. माझ्याशी अर्धं हिंदी, अर्धं गुजराती. मला ते समजतं. तो म्हणाला, “काका, इसमें सोचने का क्या? सब एक ही लिखते हैं.” आणि भिंतीला टेकवलेला एक तयार बोर्ड वाचून दाखवला. ग्राहक हाच आमचा देव, आपल्या आशीर्वादाने यशाच्या शिखरावर.

“कुठलं शिखर? पत्र्याची शेड आहे माझी.”

“तो लिखो, एक डब्बे पर एक डब्बा फ्री.”

मी त्याला विचार करतो म्हटलं आणि निघालो. रस्ताभर मनात हिशेब चालला. फुकट दळून दिलं तर बाया काय म्हणतील? याच्याकडे कोणी येत नाही म्हणून फुकट देतोय म्हणतील. नाहीतर म्हणतील, फुकट परवडतं म्हणजे वर्षभर जास्तच घेतलं. आमची माणसं कुणाच्या दारात फुकट पीठ न्यायला उभी राहत नाहीत. मी राहिलो नसतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “फुकटना डबा मी बी नहीं नेवाव.”

पण ओळीपेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. मोठा केलेला फोटो मी घरात उभा करून ठेवला होता आणि त्यात सगळ्यात आधी दिसायची अक्का. मी कोपऱ्यात, टोपीखाली अंधार. तिच्यावर उन्हाचा पट्टा, हातात डबा तिरका, ज्वारी पडताना दिसते. गिऱ्हाइकांचे आभार म्हणून हा फोटो लावायचा, आणि जी त्यात गिऱ्हाईक म्हणून उभी ती माझ्या दारावरून तोंड फिरवून जाते. लोक हसले असते. आणि तिला न विचारता लावला असता तर तिनं काय केलं असतं त्याचा नेम नव्हता.

“जा आनि विचारा तिले,” बायको म्हणाली.

मी म्हटलं, “मी जाणार नाही.”

“मंग मी जाऊ?”

“तूही नाही.”

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन मी पुन्हा पेंटरकडे. त्याला म्हटलं, “या बाईच्या जागी काहीतरी काढ. कलश काढ, नारळ काढ.” त्यानं फोटो उजेडात धरला, खडूनं तिच्या अंगावरून हलकी रेघ ओढून बघितली. म्हणाला, “हो जाएगा, काका. साडी के उपर कलश बैठ जाएगा.” मी समाधानानं घरी आलो आणि बायकोला सांगितलं.

ती थोडा वेळ फोटो आठवत असावी. मग म्हणाली, “आनि डबा?”

“डबा काय?”

“डबा मशीनवर वाकडा शे. बाई काढी टाकी, तर डबा कोन धरस? भूत?”

तिचं खरं होतं. बाई काढली की डबा हवेत राहतो, डबा काढला की ज्वारी आपोआप पडते, आणि ज्वारीही काढली तर उरतो मी, टोपी घालून, रिकाम्या मशीनशेजारी. त्या वेळी माझी गिरणी सकाळी दिसायची तशीच.

पेंटरकडे माणूस पाठवून कलश थांबवला.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस ओळ शोधण्यात गेले. मशीन चालू असलं की बंद करावंसं वाटे, बंद केलं की चालू करावंसं वाटे. दळणाला आलेल्या एका म्हातारीचं पीठ मी दोनदा चाळून दिलं, तिनं न मागता. ती म्हणाली, “बाबा, तुले ताप शे का?” ओळ जुळत नव्हती. नम्र लिहायला गेलो की मागे हटल्यासारखं वाटे. ताठ लिहायला गेलो की तो एक नंबरचाच कागद पुन्हा समोर येई. माफी तर मी मागणारच नव्हतो. कशाची मागायची? मी कुणाचं वजन मारलं नव्हतं.

आणि मग दुपारी दगड साफ करत होतो.

हे मी रोज करायचो. ज्वारी संपली की मशीन बंद करायचं, ब्रशनं कडा झाडायच्या, पिठाची कापडी नळी झटकायची. मग पट्टा चढवून आपल्या घरच्या गव्हाचे दोन पसे वरून टाकायचे. ते पीठ मिसळीचं निघतं, पिवळसर-पांढरं. ते गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. बाजूला काढून तबेल्यात द्यायचं, म्हशी खातात. त्यानंतर गिऱ्हाइकाचा गहू. आणि दगड साफ करताना पुढे उभी असलेली बाई थोडी थांबते, बस एवढंच. मी गव्हाचा पसा हातात घेऊन उभा राहिलो. हे सकाळीही करता येतं. मधेच करता येतं. नियम मोडायला लागत नाही. फक्त दोन पसे गहू जास्त जातो, तो माझा, आणि ओळीतल्या बायांना थोडं थांबावं लागतं, ते कशासाठी हे त्यांना आधी माहीत असायला हवं. त्या दिवशी मी थांबवलं असतं तर कुणासाठी थांबवलं हा प्रश्न होता. आधी लिहून ठेवलं की तो प्रश्न उरत नाही. मग ते सगळ्यांसाठी होतं.

मी मशीन तसंच चालू ठेवून बाहेर पायरीवर बसलो आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलं. बायको भाकरी घेऊन आली तेव्हा मशीन रिकामं घुरघुरत होतं. तिनं आधी जाऊन बटण बंद केलं. मग ऐकलं. मी वाचलं तेव्हा ती फक्त एका ठिकाणी थांबवून म्हणाली, “ते ‘मायबाप ग्राहक’ काढा. ती तुमनी माय नहीं, भांडेल बाई शे.” मी काढलं.

पेंटरला ओळ फारच साधी वाटली. “काका, इसमें फूल-बूल कुछ?” मी नको म्हटलं. अक्षर मोठं आणि काळं हवं, एवढंच सांगितलं. फोटोच्या खाली पांढऱ्या पट्टीवर त्यानं लिहिलं ते असं:

गिरणीला एक वर्ष झालं. ज्यांनी डबे आणले त्यांच्यामुळे ती फिरली. पहिला डबा ज्यांनी ओतला त्यांचे, आणि त्यांच्यामागून आले त्या सगळ्यांचे आभार. ज्वारी सकाळी, गहू दुपारी, हे असंच चालेल. घरी कार्य किंवा पाहुणे असतील तर सकाळीही गहू दळून मिळेल. दगड साफ करायला पहिला गहू आमचा.

वर्ष भरलं त्या सकाळी बोर्ड लावला. दाराच्या वर, खिळे मी स्वतः ठोकले. बायकोनं फोटोला फुलं घालू का विचारलं. मी नको म्हटलं. फुलं घातली असती तर अक्का गेल्यासारखी दिसली असती.

पाच-सहा बाया ज्वारी घेऊन आल्या. प्रत्येक जण वर बघायची, अक्का दिसली की एकमेकींकडे बघायची आणि पुढे सरकायची. एकीनं विचारलं, “तिले माहीत शे का?” मी ऐकू न आल्यासारखं केलं. माझ्या कानांचा तेवढा एक उपयोग होता. बातमी गल्लीत पोचायला वेळ लागणार नव्हता. मी दळत होतो आणि दर डब्याला दाराकडे बघत होतो. पट्टा एकदा घसरला, तो चढवताना बोट चेमटलं. बायको म्हणाली, “घर जा.” मी गेलो नाही.

ती आली. मागे तीन-चार जणी, बघायला. डोक्यावर काही नाही, हात कमरेवर. दारात उभी राहून तिनं आधी फोटो बघितला, बराच वेळ. मग मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, “मना फोटो कोनाले इचारीन लावा?”

मी मशीन बंद केलं. एकदम शांत झालं. मी म्हटलं, “कोणाला विचारलं नाही.”

“मग? मी तुमच्या दुकानाची जाहिरात आहे का? ज्या घंटीवर मी दळते तिथं माझा फोटो नाही, आणि जिथं दळत नाही तिथं आहे.”

मागच्या हसल्या. मीही हसलो असतो, दुसऱ्याच्या दारात असतं तर. म्हटलं, “खाली काय लिहिलंय ते तरी बघा.”

“मला कुठे वाचता येतं? वाचा तुम्हीच. कान मला आहेत.”

हे मी धरलंच नव्हतं. बोर्ड लावला की बोर्ड बोलेल, मला बोलावं लागणार नाही, असं समजून मी तो लावला होता. आता तीच ओळ सगळ्यांसमोर तोंडानं म्हणायची होती. मी दाराबाहेर आलो, मान वर केली आणि वाचायला लागलो. लिहिताना शब्द वेगळे होते, वाचताना वेगळे झाले. ‘पहिला डबा ज्यांनी ओतला त्यांचे’ इथे आलो तेव्हा खोकला आला. पीठ बसलं असेल. मग पुढे वाचलं, शेवटपर्यंत.

ती म्हणाली, “शेवटचं परत वाचा.”

“घरी कार्य किंवा पाहुणे असतील तर सकाळीही गहू दळून मिळेल. दगड साफ करायला पहिला गहू आमचा.”

“म्हणजे त्या दिवशी पण जमलं असतं.”

“त्या दिवशी हे लिहिलेलं नव्हतं.”

मला वाटलं आता बोर्ड उतरवायला सांगेल, आणि मी ठरवून ठेवलं होतं की सांगितलं तर उतरवणार. पण तिनं फोटोकडे बोट केलं. “पदर पाहा कसा गेलाय माझा. एवढा मोठा करायचा होता तर आधी सांगायचं, नीट घेतला असता.” आणि आली तशी निघून गेली. मागच्याही गेल्या. ज्वारीची ओळ माझ्याकडे बघत होती. मी मशीन चालू केलं.

दिवस तसाच गेला. दुसराही. संध्याकाळी बायकोला म्हटलं, “बोर्ड उतरवू का?” ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. तिनी उतारा म्हणं नहीं.” मी रात्री कुशीवर कुशी बदलली आणि पहाटे तिनं माझी गोधडी ओढून घेतली, कारण मी ती पायानं खाली लोटून दिली होती.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी, ज्वारीची ओळ लागलेली असताना, अक्का आली. डोक्यावर डबा. ओळीतल्या सगळ्यांच्या पुढे येऊन तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं. गहू. निवडलेला, दाणा न् दाणा स्वच्छ.

“काय कार्य?” मी विचारलं.

“पाहुणे. दुसऱ्या गावचे. नंदुरबारचे नाही म्हणाले.”

“पुऱ्यांमुळे?”

“पुऱ्या फुगल्या होत्या हो, चांगल्या टम्म. पाहुणेच नाही फुलले.” तिनं पदर कमरेला खोचला. “आता वाचलंय तसं करा, नाहीतर पाटी मी घरी नेते. अर्धी माझीच आहे.”

ओळीतली एक जण पुढे झाली. लांबच्या खोल्यांतून यायची, अक्काला ओळखत नसावी. “भाऊ, सकाळी ज्वारी ना? मी आधीची.”

“यांच्याकडे पाहुणे आहेत. बोर्ड वाचा.”

“माले वाचता कोठे येस?”

मी अक्काकडे बघितलं. तिनं हात कमरेवर ठेवून मान दाराकडे वळवली, वाचा म्हणून. मी बाहेर गेलो आणि सगळी ओळ पुन्हा वाचली, या वेळी खोकलो नाही. ती बाई म्हणाली, “अशे शे तर बरं. मन्हा भाऊना साखरपुडा शे पुढना महिनाले.” आणि आपला डबा मागे घेतला.

आत आलो तर अक्कानं डबा उचलून मशीनच्या तोंडाशी नेला होता, फोटोत धरलाय तसा तिरका. थोडे दाणे तोंडाशी आले होते.

“थांबा,” मी म्हटलं. “पहिला माझा.”

तिनं डबा सरळ केला. मी कोपऱ्यातल्या पोत्यातून पसाभर गहू काढला आणि वरून टाकला, मग आणखी एक पसा, मग तिच्याकडे न बघता तिसरा.